पासंगाचं पत्र

शिक्केवाल्या बाईंच्या शिक्क्याची डावी कड झिजली आहे. गोल उमटायला हवा तो जरा कलंडल्यासारखा उमटतो. नवा करून घ्या, असं खालचा झेरॉक्सवाला दर दोन महिन्यांनी सांगतो. "ताई, वीस वर्षं झाली त्याला. माणूस असता तर एव्हाना बोहल्यावर चढला असता." बाई हसतात, हो हो म्हणतात, आणि तोच शिक्का पुन्हा पॅडवर दाबतात.

झेरॉक्सच्या दुकानाला बाहेरून लोखंडी जिना आहे. तो चढून गेलं की बाईंची खोली. एक टेबल, एक संगणक, पान ओढताना खोकल्यासारखा आवाज करणारा प्रिंटर, लोकांसाठी दोन खुर्च्या आणि भिंतीला लागून पत्र्याचं कपाट. दारावर पाटी आहे, मराठी व इंग्रजी भाषांतर, प्रमाणित. लोक मात्र भाषांतर मागायला येत नाहीत. "शिक्का मारून द्या" म्हणत येतात. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, कुणाच्या तरी वडिलांचं मृत्युपत्र. देश सोडून जायला माणसाला काय काय सिद्ध करावं लागतं याची यादी बाईंना तोंडपाठ आहे. जन्मलो, हे पहिलं.

आधी नऊ वर्षं बाईंनी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. दर जूनमध्ये नवी ऑर्डर, दर एप्रिलमध्ये "बघू पुढच्या वर्षी." दहाव्या जूनमध्ये त्या गेल्याच नाहीत. रागावून नव्हे, सकाळी उठून साडी नेसताना त्यांच्या लक्षात आलं की आज नको वाटतंय, आणि मग उद्याही नको वाटलं. पुढे एका वकिलाने दोन दाखले करायला दिले, आणि त्यातून ही खोली झाली.

नियम त्यांनी पहिल्या वर्षीच ठरवला. कागदावर आहे ते सगळं. नाही ते काही नाही. मूळ कागदावर शिक्का असेल तर चौकटी कंसात लिहायचं, गोल शिक्का, अस्पष्ट. शब्द खोडला असेल तर, एक शब्द खोडलेला. शेवटी आपलं नाव, पत्ता, तारीख, सही आणि एक वाक्य: मला दोन्ही भाषा येतात, आणि हे मूळ मजकुराचं खरं व पूर्ण भाषांतर आहे. मूळ मजकूर खरा आहे असं त्या वाक्यात कुठेही नाही. हे बाई लोकांना समजावून सांगत, पूर्वी. आता सांगत नाहीत.

घरी नणंद असते. नवरा असतो तोही, पण त्याच्या पाळ्या उलट्यासुलट्या. नणंद मात्र कायमची. शिवणकाम करता करता ती बोलत असते. "वहिनी, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं बोलता, आणि घरी आलात की मुक्या. आमच्या वाटचं काही उरतच नाही वाटतं?" बाई म्हणतात, "मान दुखतेय गं." ते खरंच असतं.

मुलगी आणि तिची आई आल्या त्या दुपारीही मान दुखत होती.

आईने पिशवीतून पाकीट काढलं. पाकिटाची पट्टी चिकटवलेली, वरून सेलोटेप, आणि अर्धी पट्टीवर अर्धी पाकिटावर अशी सही. "शिफारसपत्र आहे, मॅडम. हिच्या विज्ञानाच्या सरांनी दिलंय. बाहेरच्या युनिव्हर्सिटीला लागतं. प्रिन्सिपलचं इंग्रजीतच मिळालं, पण विषयाच्या शिक्षकाचं वेगळं हवं म्हणतात. सर म्हणाले, मी लिहीन ते मराठीतच लिहीन, मला जे म्हणायचंय ते इंग्रजीत लंगडं होतं. उद्या संध्याकाळी सहाला लिंक बंद होते."

"उद्या?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "आणि आज आलात?"

"सरांनी आजच दिलं हो. महिनाभर मागे लागलेय. सर देवमाणूस, पण देवासारखेच उशिरा पावतात." मग आई पुढे झुकली. "मॅडम, जरा वजनदार करा. हिचा आतेभाऊ तिकडेच असतो, तो म्हणतो तिकडे साधं लिहून चालत नाही. मुलगी बरी आहे असं लिहिलं तर ते समजतात वाया गेलेली आहे. आणि एकदा आम्हाला दाखवा फक्त, काय आहे ते."

"आई," मुलगी म्हणाली. तोवर ती बोललीच नव्हती. अंगठ्याचं नख कुरतडत कपाटावरच्या फायलींची नावं वाचत होती. "मी टिक केलंय ना तसं. पत्र बघायचा हक्क सोडलाय. म्हणून तर ते सरांना मोकळेपणाने लिहिता येतं."

"टिक केलंस तू. मी कुठे केलंय?"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी पाकीट आपल्या बाजूला ओढून घेतलं. "पत्र सरांचं आहे. मी करते आणि परत सरांकडेच देते. शाळेच्या ईमेलवर लिंक आलीय ना? मग चढवायचंही त्यांनीच. मूळ पत्र, भाषांतर, माझं प्रमाणपत्र, सगळं एका फाइलमध्ये."

"आणि वजनदार?"

"जितकं आहे तितकंच होईल."

आई उठली, तोंड थोडं पडलेलं. जिन्यावरून तिचा आवाज येत राहिला. "एवढं शिकलेल्या बाई, चार शब्द चांगले घालायला काय जातं यांचं?" मुलीचं उत्तर ऐकू आलं नाही.

पत्र एका पानाचं होतं, शाळेच्या लेटरहेडवर, निळ्या शाईत. अक्षर उजवीकडे झुकलेलं, पण ओळी सरळ. बाईंनी आधी वरचं शाळेचं नाव, पत्ता, जावक क्रमांक केला. मग मजकूर. 'सदर विद्यार्थिनी माझ्या वर्गात दोन वर्षे होती.' झालं. 'प्रयोगशाळेत आमच्याकडे एक जुना तराजू आहे.' झालं. तिसरं वाक्य अजून वाचायचं होतं, आणि बाईंची बोटं ते टाइप करून मोकळी झाली होती.

त्यांनी हात मागे घेतले. स्क्रीनवरचं इंग्रजी वाक्य वाचलं, मग पत्रातलं मराठी. बरोबर होतं. एकही शब्द कमी-जास्त नव्हता.

पासंग. तोच शब्द. चार वर्षांपूर्वी या शब्दापाशी त्या अर्धा दिवस अडल्या होत्या. तराजूतली खोट, आणि तो झाकायला लावलेलं वजन, दोन्हीला आपण पासंगच म्हणतो. इंग्रजीत त्याला एक शब्द सापडेना. शेवटी दोन ओळींत फोड करून लिहिलं होतं. असले शब्द बाई विसरत नाहीत, माणसं विसरतात.

संगणकात जुनी फाइल होती, मूळ पत्राच्या स्कॅनसकट. त्याच सरांचं पत्र, दुसऱ्या एका मुलासाठी. प्रयोगशाळेतल्या तराजूची दांडी कधीतरी पडून वाकली होती आणि कुणीतरी एका पारड्याखाली मेणाची गोळी लावून काटा सरळ केला होता. रिकामा असताना तराजू अगदी खरा. वजन टाकलं की खोटा. घनता काढायच्या प्रयोगात सगळ्या वर्गाने पुस्तकातलं उत्तर लिहिलं. एकट्या याच विद्यार्थ्याने आलं ते उत्तर लिहिलं आणि कमी गुण घेतले. दुसऱ्या दिवशी त्याने दगड एका पारड्यातून काढून दुसऱ्यात ठेवला, वजनं पहिल्यात, आणि दोन्ही वेळचे आकडे सरांपुढे ठेवले. आकडे जुळत नव्हते. चूक माझी नाही, तराजूला पासंग आहे, असं तो म्हणाला. 'तीस वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी मी एकच पाहिला.'

समोरच्या पत्रात एवढाच फरक होता. असा विद्यार्थी नव्हे, अशी विद्यार्थिनी. आणि तीस ऐवजी चौतीस.

खाली झेरॉक्सचं यंत्र एकसारखं चालू होतं. बाईंचं काम सरळ होतं: आहे ते इंग्रजीत करायचं. जुनं भाषांतर तयारच होतं, सर्वनामं बदलली की दहा मिनिटांत शिक्का मारता आला असता. मुलाचं पत्र कुठल्या देशात गेलं कोण जाणे, आणि तिथला कुणी चार वर्षं ते उशाशी घेऊन बसला नव्हता. पत्र सुंदर होतं. हे गेलं तर मुलीचं भलंच होणार होतं. उलट आता सरांना विचारलं, आणि सरांनी हे पत्र मागे घेतलं, तर हातात उरणार उद्याचा एक दिवस आणि कदाचित दोन ओळी: नियमित आहे, वर्तणूक चांगली आहे.

त्यांनी पाकिटामागे लिहिलेला नंबर फिरवला. सर वर्गावर होते. शिपायाने निरोप घेतला. सर उद्या दहाला येतील.

घरी नणंदेला त्यांनी एवढंच सांगितलं की एका कागदात गोंधळ आहे.

"तुमच्या चुकीने?"

"नाही."

"मग?" नणंदेने दाताने दोरा तोडला. "वहिनी, न्हाव्याने डोकं भादरावं, डोक्यात काय चाललंय ते विचारू नये."

"हं," बाई म्हणाल्या, आणि मानेला शेक घेत बसल्या.

सर दहाला पाच कमी असतानाच आले. उंच, वाकलेले, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. खांद्याला पिशवी, तीत डबा. एका कानाने कमी ऐकू येत असावं. खुर्ची ओढून त्यांनी उजवा कान बाईंकडे केला.

"बोला बाई. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं का काही?"

"नाही सर. शुद्धलेखन चोख आहे."

"मग कागद कमी पडला असेल. मी अजून दोन लेटरहेड आणलेत. एक माझ्याकडून नेहमीच वाया जातो."

बाईंनी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. "सर, हा तराजूचा प्रसंग या मुलीचा आहे?"

सरांनी पत्राकडे पाहिलं नाही. "तुम्ही भाषांतर करता ना?"

"हो."

"मग ते करा की. चौकशी कसली?"

बाईंनी जुन्या पत्राची छापलेली प्रत शेजारी ठेवली. दुसऱ्या कुणाला त्यांनी ती दाखवली नसती. पण ती सरांचीच होती. सरांनी दोन्ही कागद वाचले. सावकाश, बोट ठेवून, पेपर तपासतात तसे. शेवटी जुन्या कागदावर बोट थांबलं.

"अक्षर तेव्हा बरं होतं माझं," ते म्हणाले.

प्रिंटर उगाचच एकदा खोकला आणि गप्प झाला.

"किती जणांना दिलाय सर, हा प्रसंग?"

"तुमच्याकडे दोन आले. बाकी प्रिन्सिपलच्या ऑफिसातून टाइप होऊन गेले. सहा. सात असतील." ते ओशाळले नव्हते, फक्त फार थकल्यासारखे दिसत होते. "साठ पोरं एका वर्गात, बाई. सहा वर्ग. पत्र मागायला येतात तेव्हा चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव चुकतं. मग ही एक गोष्ट आहे माझ्यापाशी. खरी आहे. घडलेली आहे."

"कुणाची?"

"होती एक. वीसेक वर्षं झाली. पोरं तिला काटेवाली म्हणायची, त्या तराजूनंतरच. नववीत होती. दहावीला आलीच नाही. घरी गेलो होतो मी. काका म्हणाले, लग्न ठरलंय, सर, आता तराजू काय करायचाय तिला? मी चहा घेतला आणि परत आलो." सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "तिच्यासाठी पत्र मागायला कुणी येणार नव्हतं. मग जो येईल त्याला देत गेलो. वाटलं, कुणाच्या तरी नावाने का होईना, जाऊ दे ती बाहेर."

बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. सरांनी घेतली नाही.

"सर, माझा शिक्का एवढंच म्हणतो की भाषांतर खरं आहे. मजकूर तुमचा. तुम्ही म्हणालात तर आत्ता बसते आणि अर्ध्या तासात देते."

"मग बोलावलंत कशाला मला?"

"हात पुढे जाईना म्हणून."

सर हसले, त्यात चिडही होती. "तुमचा हात थांबतो आणि माझी गोची होते. आता काय लिहू मी? सांगा. चांगली मुलगी आहे. शांत आहे. नियमित आहे. हे वाचून ते तिला घेतील? लिंकवरच्या त्या फॉर्ममध्ये चौकटी आहेत बघा, मी सगळीकडे सर्वात वरची टिक केलीय. आणि पत्रात नुसतं शांत आहे?"

"कुठे बसायची?" बाईंनी विचारलं. मजकूर सुचवणं त्यांचं काम नव्हतं. पण कुठे, केव्हा, कोण हे त्या रोजच विचारत, अक्षर लागलं नाही की.

"तिसरा बाक. भिंतीकडे." सरांनी दोन्ही कागद बाजूला सारले. "चार वेळा तरी बाहेर उभी केलीय मी तिला."

"का?"

"बोलायची. शिकवताना सारखी कुजबुज."

"आत्ताच शांत म्हणालात, सर."

सर हळूहळू, फळ्यावरचं पुसट झालेलं वाचावं तसे बोलू लागले. "शांत नव्हती. मी काय सांगत बसलोय? ती शेजारच्या मुलीशी बोलायची. जाड भिंगाची मुलगी, फळा दिसायचा नाही तिला, पण सांगायची लाज. ही तिला वाचून दाखवायची. आकडे, समीकरणं, सगळं. मला कळलंच नाही. सहामाहीला नंबराप्रमाणे बसवलं, दोघी लांब झाल्या, आणि चष्मेवाली फळ्यावरच्या प्रश्नाला हातच लावू शकली नाही. तेव्हा उलगडा झाला." त्यांनी टेबलावर बोटाने एक रेघ ओढली. "आणि आकृत्या, बाई. किरणांच्या आकृत्या ती तोंडी सांगायची. मग मी एकदा मुद्दाम मागे जाऊन ऐकलं. डावीकडून बाण येतोय, भिंगाच्या पोटात मोडतोय, खाली झुकून रेषेला इथे भेटतोय, तुझ्या वहीच्या मार्जिनपासून चार बोटं. आणि त्या मुलीने न बघता आकृती काढली. बरोबर काढली. मला चौतीस वर्षांत तोंडी आकृती सांगता आलेली नाही. मला फळा लागतो."

"मग?"

"मग काय? बाहेर उभं करणं बंद केलं. जाड भिंगाच्या मुलीला पहिल्या बाकावर आणलं. हिला काही बोललो नाही." त्यांनी पिशवीतून लेटरहेड काढलं, पेनाचं टोपण काढलं, आणि पुन्हा लावलं. "चार वेळा शिक्षा केली हे लिहू? माझीच शोभा."

"ते मी नाही सांगू शकत, सर."

"तुम्ही काहीच सांगत नाही आणि सगळं करायला लावता. माझी आई अशीच होती."

त्यांनी लिहिलं. पाऊण तास लागला. पहिलं लेटरहेड खरंच वाया गेलं. मध्ये झेरॉक्सवाला वर डोकावला, "ताई, स्कॅन करायचंय म्हणाला होतात," आणि एक उंच म्हातारा मास्तर परीक्षेला बसल्यासारखा लिहितोय हे पाहून पाऊल न वाजवता परत गेला.

दुसरं पत्र पहिल्याहून लहान निघालं. त्यात 'हुशार' हा शब्द लिहून खोडला होता आणि वर लिहिलं होतं, 'दुसऱ्याला काय दिसत नाही हे ओळखणारी'. शेवटच्या परिच्छेदात होतं: 'मी तिला बोलल्याबद्दल चार वेळा वर्गाबाहेर उभे केले. ती का बोलते हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही, कारण सांगितले असते तर मैत्रिणीची अडचण वर्गाला कळली असती. ही चूक माझी होती. ती आपल्याला कळवणे मला आवश्यक वाटते.'

बाईंनी भाषांतर केलं. खोडलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंसात तसं नमूद केलं. 'चूक माझी होती' हे वाक्य इंग्रजीत मोठं होऊ पाहत होतं, त्यांनी होऊ दिलं नाही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आद्याक्षरं, शेवटी सही, तारीख, कलंडलेला शिक्का. खाली स्कॅन झालं.

मग सरांनी शाळेचा ईमेल उघडला आणि बाईंनी फॉर्ममधले प्रश्न एकेक करून मराठीत वाचून दाखवले. बौद्धिक जिज्ञासा. सरांनी वरची टिक ठेवली. इतरांविषयी आस्था. ठेवली. नेतृत्वगुण.

"अंदाज करायला आधार नाही, अशी एक चौकट आहे म्हणालात ना? ती."

"सर, ती केली तर..." बाईंच्या तोंडून गेलं.

"आधार नाही, बाई. मी पाहिलेलंच नाही."

सृजनशीलतेलाही त्यांनी तीच केली. चार वाजून दहा मिनिटांनी फाइल चढली. पोच आली. सरांनी डब्याला हात लावला, तो अजून भरलेलाच होता, आणि उठले.

"ते आधीचं फाडून टाका," दारातून ते म्हणाले.

ते गेल्यावर खोली एकदम मोठी वाटली. बाईंनी टेबलावर डोकं टेकलं. आपण एका मुलीच्या भरल्या ताटातून काहीतरी काढून घेतलं की काय, हे त्यांना कळत नव्हतं. सुंदर पत्र होतं ते. दोन चौकटी वरच्या होत्या, त्या रिकाम्या झाल्या. खरेपणा वगैरे म्हणायला ठीक, पण जागा मोजक्या असतात, आणि तिकडे वाचणाऱ्या माणसासमोर पत्रांचे ढीग असतात. त्या दिवशी त्याचीही मान दुखत असेल तर?

त्यानंतर त्या कामात चुका करू लागल्या नाहीत, तेवढं नशीब. पण पुढचे तीन महिने जिन्यावर बाईमाणसाची पावलं वाजली की त्या स्क्रीनवरून नजर काढत. मुलीची आई आली तर काय सांगायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं आणि ते रोज बदलत होतं. नणंदेला त्यांनी एका संध्याकाळी सगळं सांगितलं, नावं न घेता. नणंद यंत्र थांबवून ऐकत राहिली.

"नसती उठाठेव," ती शेवटी म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, सुई ओवता ओवता, "त्या काटेवालीचं पुढे काय झालं हो?"

"माहीत नाही. सरांनाही नाही."

"असेल कुठेतरी. भाजीवाल्याला वजन नीट कर म्हणत असेल," नणंद म्हणाली, आणि यंत्र पुन्हा चालू केलं.

पहिलं पत्र बाईंनी फाडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि नव्या फोल्डरमध्ये घातलं. कपाटात फायली आडनावाप्रमाणे लागतात. या फोल्डरच्या पट्टीवर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून पट्टी कोरीच राहिली, आणि फोल्डर सगळ्यात शेवटी गेलं.

आई आली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. यावेळी मुलगी पुढे होती. आईने खुर्चीत बसायच्या आधीच टेबलावर पिशवी उपडी केली. जन्माचा दाखला, आईवडिलांच्या लग्नाचा दाखला, वडिलांच्या नोकरीचं प्रमाणपत्र.

"व्हिसाला लागतात, मॅडम. सगळे करून द्या. झालं हिचं!"

बाईंनी कागद ओढून घेतले. ते टेबलावर एकावर एक सरळ लावत बसल्या. "कुठे?"

"जिथे सरांचं पत्र गेलं तिथेच. आणि दुसरीकडे नाही म्हणाले, बघा. दुसरीकडे एकट्या प्रिन्सिपलचं होतं." आईने आवाज खाली आणला. "आता तरी सांगा, काय लिहिलं होतं सरांनी? शेवटी वजनदार केलंतच ना तुम्ही?"

"मी काही केलं नाही. सरांना विचारा."

"सर सांगतायत होय!"

"सरांनी मला बोलावलं होतं," मुलगी म्हणाली. "स्टाफरूममध्ये. माफी मागितली माझी. सगळ्यांसमोर. मला इतकं कसंतरी झालं. मला म्हणाले, तुला उगाच बाहेर उभं करायचो."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय, मी म्हटलं, असू दे सर." तिने नख तोंडाशी नेलं आणि आईने तिचा हात खाली ओढला. "मला आठवतच नाही खरं तर. बाहेर व्हरांड्यात बरं वाटायचं. वारा असायचा."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. काहीतरी बोलावं असं वाटलं, पण ते पत्र त्यांचं नव्हतं. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला, जन्माचा दाखला उजेडाकडे धरला आणि शाई पसरलेल्या ठिकाणी बोट ठेवलं.

"ही तारीख नीट सांग," त्या म्हणाल्या. "हा एक आहे की सात?"